कोणता रंग कोणावर बसतो?

एखाद्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ तयार होते आहे असे समजू. डिझायनरने सात रंगांचे पॅलेट ठरवले. पानासाठी पांढरा, चौकटींसाठी सायीचा रंग, मजकुरासाठी शाई, तारखांसाठी राखाडी, बटणांना आणि मथळ्यांना केशरी, सूचनेच्या पट्टीला हळदी आणि ‘पुस्तक उपलब्ध’ या शब्दांना हिरवा. सातही रंग एकमेकांशेजारी ठेवले की पॅलेट देखणे दिसते. डिझायनरच्या मोठ्या, उजळ पडद्यावर ते वाचताही येते. पण भर दुपारी एसटी स्टँडवर जुना मोबाइल हातात धरलेल्या माणसाला, किंवा मोतीबिंदू सुरू झालेल्या आजोबांना, सायीच्या चौकटीतली राखाडी तारीख वाचता येईल का, हे पॅलेट पाहून कळत नाही. ते मोजावे लागते. मोजण्याची रीत ठरलेली आहे आणि ती कोणालाही समजेल इतकी सोपी आहे.

ही रीत डब्ल्यूसीएजी नावाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमधली आहे. तिचे आजचे रूप 2008 साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आले आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांवर उभी आहेत. नियम असा, की साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातले कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर निदान 4.5 असावे. अक्षर मोठे असेल तर 3 चालते. मोठे म्हणजे 24 पिक्सेल किंवा त्याहून अधिक, आणि ठळक अक्षर असेल तर सुमारे 18.7 पिक्सेलपासून पुढे. काळे आणि पांढरे यांचे गुणोत्तर 21 येते, त्यापुढे काही नाही. एकाच रंगावर तोच रंग ठेवला तर 1.

4.5 हा आकडा हवेतून आलेला नाही. पडद्यावरच्या मजकुरासाठी जुन्या मानकांमध्ये सामान्य नजरेला किमान 3 धरले जाई. वयाबरोबर किंवा आजाराने नजर 20/40 पर्यंत उतरलेल्या माणसाची कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता साधारण दीडपटीने कमी होते. तीन गुणिले दीड, म्हणजे साडेचार. त्यामुळे हा उंबरठा ओलांडणारे पान चष्मा नसलेल्या, थकलेल्या, म्हातारपणाकडे निघालेल्या डोळ्यांचा विचार करून रंगवलेले असते.

आता मोजायचे कसे ते पाहू. प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिला जातो. पडद्यासाठीचे हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून आधी प्रत्येकाला एका घातांकाच्या सूत्रातून नेऊन खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात आणतात. मग तिघांची बेरीज करतात, पण समान वजनाने नाही. हिरव्याचे वजन 0.7152, लालचे 0.2126 आणि निळ्याचे अवघे 0.0722. आपल्या डोळ्याला उजेडाची जाणीव बहुतांशी हिरव्या भागातून होते, निळ्यातून फार थोडी. म्हणूनच पडद्यावरचा शुद्ध हिरवा पांढऱ्यावर ठेवला तर गुणोत्तर 1.37 येते आणि शुद्ध निळा ठेवला तर 8.59. दोघेही आपापल्या परीने ‘पूर्ण’ रंग, पण वाचनाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. या बेरजेला सापेक्ष तेज म्हणतात. दोन रंगांपैकी उजळाचे तेज अधिक 0.05, भागिले गडदाचे तेज अधिक 0.05, झाले गुणोत्तर. ते 0.05 पडद्यावर पडणाऱ्या आजूबाजूच्या उजेडासाठी धरलेले असते. काळा भाग कधी पूर्ण काळा दिसत नाही, त्याची ही भरपाई.

हे सगळे पायथॉनमध्ये इतके छोटे बसते:

```python
def tej(h):
    v = [int(h[i:i+2], 16) / 255 for i in (1, 3, 5)]
    r, g, b = [c / 12.92 if c <= 0.04045
               else ((c + 0.055) / 1.055) ** 2.4 for c in v]
    return 0.2126*r + 0.7152*g + 0.0722*b

def gunottar(a, b):
    kami, jast = sorted([tej(a), tej(b)])
    return (jast + 0.05) / (kami + 0.05)

def napas(jodya):
    return [(m, p, gunottar(m, p), have)
            for m, p, have in jodya if gunottar(m, p) < have]
```

शेवटच्या फंक्शनकडे लक्ष द्यावे. त्याला नुसते रंग दिलेले नाहीत, जोड्या दिल्या आहेत: मजकुराचा रंग, पार्श्वभूमीचा रंग आणि त्या जागी किती गुणोत्तर हवे. माझ्या मते सगळी तपासणी या एका निवडीवर उभी राहते किंवा कोसळते. वाचनालयाच्या पॅलेटमधले सात रंग असे आहेत: पांढरा `#FFFFFF`, साय `#FFF8E7`, शाई `#222222`, राखाडी `#767676`, केशरी `#E65100`, हळदी `#FFC107`, हिरवा `#2E7D32`. सात रंगांच्या 21 जोड्या होतात. सगळ्या तपासल्या आणि प्रत्येकीला 4.5 चा निकष लावला, तर 15 नापास होतात. ही यादी कोणाच्या हाती दिली तर तो ती वाचणारच नाही, आणि त्याचे बरोबर असेल. पांढऱ्यावर सायीचे अक्षर कोण लिहिणार आहे? हळदीवर हिरवे कुठे आहे? असल्या निरर्थक नापासांच्या गर्दीत खरा दोष हरवतो. दोनदा असा अहवाल आला की तिसऱ्यांदा तो उघडलाही जात नाही.

म्हणून आधी डिझायनरसोबत बसून कोणता रंग कोणावर बसणार आहे ते लिहून काढावे लागते. वाचनालयाच्या बाबतीत ते असे निघते. शाई पांढऱ्यावर आणि सायीवर. राखाडी तारखा पांढऱ्यावर, आणि नव्या पुस्तकांच्या चौकटीत सायीवर. केशरी बटणावर पांढरी अक्षरे, 16 पिक्सेलची. सायीवर केशरी मथळा, 24 पिक्सेलचा. हळदी पट्टीवर मुख्य सूचना शाईने आणि कोपऱ्यातला ‘बंद करा’ हा शब्द पांढऱ्याने. सायीवर हिरवे ‘उपलब्ध’. अशा नऊ जोड्या. मथळ्याला 3 पुरेसे, बाकी साऱ्यांना 4.5 हवे. आता नापास किती, ते पाहा:

```
राखाडी  / साय      4.29   हवे 4.5
पांढरा  / केशरी    3.79   हवे 4.5
पांढरा  / हळदी    1.63   हवे 4.5
```

फक्त तीन. पण तिन्ही खऱ्या, आणि तिघींची कारणे वेगळी.

पहिली जोडी फसवी आहे. `#767676` हा राखाडी डिझायनरांच्या ओळखीचा आहे, कारण पांढऱ्यावर तो 4.54 देतो. त्याहून एका पायरीने उजळ `#777777` घेतला तर 4.48 होतात आणि तो नापास. म्हणजे पांढऱ्यावर उंबरठ्याला टेकून पास होणारा हा शेवटचा राखाडी. कोणीतरी त्याला ‘पास’ असा शिक्का मारला, आणि पुढे चौकट पांढऱ्याची सायीची झाली. साय पांढऱ्याहून किंचितच मंद, डोळ्याला फरक जाणवतही नाही, पण तेवढ्याने गुणोत्तर 4.29 वर घसरले. रंग स्वतः कधी पास किंवा नापास होत नसतो, जोडी होते. पॅलेटमध्ये एका रंगापुढे ‘सुलभ’ असे लिहून ठेवले की हीच चूक पेरली जाते. इथे उपाय सोपा आहे: राखाडी `#707070` करा, सायीवर 4.68 मिळतात आणि पांढऱ्यावर 4.95.

याच ठिकाणी आकडे पूर्ण करण्याचा मोहही टाळावा लागतो. 4.48 ला 4.5 म्हणून पास करता येत नाही, निकष तसे स्पष्ट सांगतो. कार्यक्रमाने तुलना मूळ आकड्याशी करावी आणि दोन दशांश फक्त दाखवण्यापुरते ठेवावेत. उलट क्रम झाला तर उंबरठ्यावरची जोडी गुपचूप आत शिरते.

दुसऱ्या जोडीत जास्त रस्सीखेच होते, कारण केशरी हा बहुधा संस्थेचा आवडता रंग असतो. बटणावरची अक्षरे पांढऱ्याऐवजी शाईची करू म्हटले, तर `#222222` आणि हा केशरी मिळून 4.20 देतात, तेही नापास. शुद्ध काळा 5.54 देतो. म्हणून केशरीच थोडा गडद करणे बरे. त्याची छटा तीच राखून `#CC4700` केला तर पांढऱ्या अक्षरांना 4.70 मिळतात, आणि सायीवरचा मथळा 3.58 वरून 4.44 वर जातो. मथळा आधीही पास होताच. रंग बदलल्यावर त्याची प्रत्येक जोडी पुन्हा मोजायची असते, एवढ्यासाठी हे सांगितले.

तिसऱ्या जोडीला रंग गडद करून भागणार नाही. हळदीला पांढऱ्यासाठी योग्य करायचे तर ती हळद राहणार नाही, तपकिरी होईल. त्याच पट्टीवर शाई 9.76 देते, तेव्हा ‘बंद करा’ हा शब्दही शाईनेच लिहावा. चांगला अहवाल नापास जोडीबरोबर किती कमी पडले तेही सांगतो तो यासाठीच. 4.29 म्हणजे रंगात एक बारीक दुरुस्ती, 1.63 म्हणजे जोडीच बदला.

अर्धपारदर्शक रंग ही या तपासणीतली सगळ्यात निसटती जागा. तारखेला वेगळा राखाडी न देता काळ्याचीच पारदर्शकता 50 टक्के ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. कार्यक्रमाने नुसता काळा वाचला तर तो 21 सांगेल. पडद्यावर मात्र काळा आणि पांढरा मिसळून `#808080` उमटतो आणि गुणोत्तर होते 3.95. म्हणून आधी रंग पार्श्वभूमीत मिसळून घ्यायचा, मगच मोजायचा. मजकूर छायाचित्रावर किंवा चढत्या-उतरत्या छटेवर असेल, तर अक्षरांखाली येणारी सर्वांत वाईट जागा धरायची. मुद्रांना आणि निष्क्रिय बटणांना या नियमातून सूट आहे, ती यादीत आधीच वगळावीत.

पास झालेल्या जोडीबद्दलही मराठी वाचकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. हे सूत्र रंग मोजते, अक्षराची रेघ मोजत नाही. 4.6 ला पास झालेल्या राखाडीत बारीक वजनाचा देवनागरी फाँट लावला की मात्रा, रफार आणि अनुस्वार आधी विरतात, आणि ‘भांडे’ चे ‘भाडे’ होते. पडदा रेघेच्या कडा पार्श्वभूमीत मिसळून मऊ करतो, त्यामुळे बारीक टिंबाला यादीतला राखाडी मिळतच नाही, त्याहून फिका मिळतो. म्हणून 16 पिक्सेलखालच्या देवनागरी मजकुराला मी 7 ची अट लावतो. डब्ल्यूसीएजीच्या वरच्या पातळीचा साध्या मजकुरासाठीचा आकडाही तोच आहे. जोड्यांच्या यादीत त्या ओळीपुढे 4.5 च्या जागी 7 लिहिले की झाले, कार्यक्रमात काहीच बदलावे लागत नाही. वाचनालयाच्या तारखा 14 पिक्सेलच्या असतील, तर नवा `#707070` ही त्या अटीत नापास होतो. तिथे `#222222` शाईच वापरावी आणि तारीख वेगळी दिसण्यासाठी तिला स्वतंत्र ओळ द्यावी.