घसारा लिहिला म्हणजे पैसा साठत नाही

‘दरवर्षी घसारा लिहितोच की, यंत्र मोडीत निघेल तेव्हा नव्याचे पैसे तयार असतील,’ हे विधान कारखानदारांकडून ऐकू येते आणि वाणिज्य शाखेच्या उत्तरपत्रिकांतही सापडते. ते चूक आहे. घसाऱ्याच्या नोंदीने नफा कमी दिसतो आणि तेवढी रक्कम लाभांश म्हणून वाटली जात नाही, एवढेच. न वाटलेली रक्कम कच्चा माल, उधारी, पगार यांत कधीच मिसळून गेलेली असते. सिंकिंग फंड पद्धतीत म्हणूनच दरवर्षी दोन नोंदी होतात. पहिलीत नफातोटा खाते नावे पडते आणि निधी जमा होतो. दुसरीत गुंतवणूक खाते नावे पडते आणि बँक खाते जमा होते. पैसा खरोखर बाजूला निघतो तो या दुसऱ्या नोंदीने, आणि नेमकी तीच टाळली जाते.

10 लाखांचे यंत्र आहे, आयुष्य 5 वर्षे, मोडीची किंमत शून्य आणि व्याज 6 टक्के, असे धरू. सरळ भागाकाराने दरवर्षी 2 लाख लागतील; या पद्धतीत प्रत्येक वर्षअखेरीस 1,77,396 रुपये पुरतात. पाच हप्त्यांचे सुमारे 8 लाख 87 हजार होतात, उरलेले 1 लाख 13 हजार व्याजातून येतात. पण त्यासाठी व्याजही पुन्हा गुंतवावे लागते: दुसऱ्या वर्षी हप्त्यासोबत 10,644 रुपये व्याज धरून एकूण 1,88,040 गुंतवायचे. व्याज खर्चून टाकले, तर हातात फक्त हप्ते राहतात. पाचव्या वर्षाचा हप्ता मात्र गुंतवायचा नाही, कारण पैसा त्याच दिवशी लागणार असतो.

‘तोच पैसा धंद्यात जास्त कमावेल,’ हा आक्षेप बिनबुडाचा नाही. कमावेलही, पण यंत्र बंद पडेल त्या दिवशी तो गोदामात आणि येणे बाकीत अडकलेला असेल. हीच पद्धत डिबेंचर फेडण्यासाठीही वापरतात, आणि त्यांच्या परतफेडीची तारीख तर आधीच ठरलेली असते. कंपनी कायद्याच्या 2014 च्या नियमांतही परतफेडीच्या राखीव निधीची तरतूद आणि त्या वर्षी परत करायच्या रकमेच्या 15 टक्के प्रत्यक्ष गुंतवणूक, या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत.

‘दोन्हीकडे हिशेब एकच,’ हेही खरे नाही: यंत्रासाठीचा हप्ता हा खर्च असतो, डिबेंचरसाठीचा नफ्याचा विनियोग, म्हणून परतफेडीनंतर तो निधी सर्वसाधारण राखीव निधीत जातो. ‘निधी आहे म्हणजे नवे यंत्र नक्की,’ हेही नाही: निधी जुनी किंमत भरून देतो, नवे यंत्र 13 लाखांना झाले तर 3 लाख कमीच पडतील, व्याज 5 टक्क्यांवर आले तरी जवळपास 20 हजारांची तूट येते. ताळेबंद वाचताना देयतांच्या बाजूचा ‘सिंकिंग फंड’ पाहून थांबू नका. मालमत्तेच्या बाजूला त्याच निधीची गुंतवणूक शोधा. ती नसेल, तर यंत्रासाठी पैसे साठवलेले नाहीत.