पगाराचा आकडा रेझ्युमेवर नकोच

नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल भरताना सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड हे तीन रकाने हमखास येतात. ते भरावेत, कारण रिक्रूटर त्यांवरच चाळणी लावतात. पण तेच आकडे रेझ्युमेच्या पीडीएफमध्ये टाकायची घाई करू नये. प्रोफाइल उद्या बदलता येतं. पीडीएफ मात्र एकदा पाठवली की कन्सल्टंटकडून कन्सल्टंटकडे फिरत राहते, आणि दोन वर्षांपूर्वीचा पगार घेऊन फिरते.

दुसरी अडचण म्हणजे तो आकडा नेमका कशाचा, हे त्या एका ओळीत कळत नाही. समजा, पुण्यातल्या एका आयटी कंपनीत एकीचं सीटीसी ९ लाख आहे. त्यात १ लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. बेसिक साडेचार लाख धरलं, तर त्याच्या १२ टक्क्यांनी कंपनीच्या वाट्याचा पीएफ ५४ हजार आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी साडेएकवीस हजारांच्या आसपास. हे सगळं ९ लाखांतच मोजलेलं असतं. त्यातून तिच्या वाट्याचे आणखी ५४ हजार पीएफला गेले की हातात महिन्याला साधारण ५६ हजार येतात, तेही प्राप्तिकर आणि व्यवसायकर कापण्याआधी. तिने ‘९ लाख’ एवढंच लिहिलं की समोरचा त्यावर ३० टक्के चढवून ११ लाख ७० हजारांवर थांबतो. त्या जागेसाठी १४ लाख मंजूर असले, तरी ते तिला कळायचं कारण उरत नाही.

अपेक्षित पगाराचंही तसंच. कामाचं स्वरूप कळण्याआधी लिहिलेला आकडा कमी पडला तर तोच पदरात पडतो आणि जास्त झाला तर फोनच येत नाही. फोनवर विचारलं, तर आधी त्या जागेचं बजेट विचारावं. सध्याचा पगार सांगायची वेळ आलीच, तर फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगवेगळे सांगावेत. फुगवून मात्र सांगू नये. ऑफरच्या वेळी बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात. जाहिरातीतच पगार कळवायला सांगितलं असेल, तर तो सोबतच्या ईमेलमध्ये लिहावा.

नोटीस पिरियडला हा नियम मी लावणार नाही. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो, आणि जागा तातडीने भरायची असली की एवढं थांबायला कुणी तयार नसतं. त्यामुळे ३० दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर नावाखालीच लिहावं. राजीनामा दिलेला असेल, तर नुसतं ‘नोटीसवर’ न लिहिता शेवटच्या दिवसाची तारीख टाकावी. ९० दिवस असतील, तर रेझ्युमेत गप्प बसावं आणि नेमणूकपत्र काढून बायआउटचं कलम वाचावं. उरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर मोजायचे की पूर्ण पगारावर, हे तिथेच लिहिलेलं असतं. पैसे भरले तरी लवकर सोडायचं की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलं आहे का, तेही तिथेच पाहावं. ते पाहिल्याशिवाय कुणाला ‘महिन्याभरात येते’ असं सांगू नये.