फलकाचा फोटो पाठवून ‘इथं गाडी लावू का?’ विचारताय? आधी तारीख बघा

दवाखान्याचं काम असो की लग्नाचा बस्ता, गावाकडची गाडी पुण्याच्या पेठांत शिरली की खरी कसोटी पार्किंगची. रस्त्याच्या कडेला निळा फलक दिसतो, त्यावर ‘पी-१’ किंवा ‘पी-२’ लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात काहीतरी वेळ असते, तीही अर्धी पुसलेली. मग मोबाईल काढून फोटो घेतला जातो आणि शहरात राहणाऱ्या भाच्याला किंवा पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवला जातो, “इथं लावू का रे गाडी?”

भाचा फोटो बघून “लावा मामा, पार्किंगच आहे” म्हणतो, आणि दोन तासांनी गाडीच्या चाकाला जॅमर लागलेला असतो. यात भाच्याचा दोष थोडाच आहे. ज्या गोष्टींवर उत्तर ठरतं, त्यातल्या निम्म्या फोटोत येतच नाहीत.

आधी पी-१ आणि पी-२ चा अर्थ पाहू. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मधून वाहतूक जात नाही. म्हणून एक दिवस एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला, अशी पाळी लावलेली असते. पी-१ म्हणजे विषम तारखेला, म्हणजे १, ३, ५ अशा तारखांना या बाजूला गाडी लावायची. पी-२ म्हणजे सम तारखेला, २, ४, ६ अशा दिवशी. तारीख इंग्रजी कॅलेंडरची धरायची, तिथीचा इथं काही संबंध नाही. थोडक्यात, फलक तोच, खांब तोच, पण उत्तर रोज बदलतं. काल काढलेला किंवा कुणीतरी फॉरवर्ड केलेला फोटो आज कामाचा नाही तो यामुळेच.

काही गावांत मात्र पी-१, पी-२ ऐवजी सरळ मराठीत लिहितात आणि तिथं मोठी फसगत होते. ‘सम तारखेस पार्किंग’ आणि ‘सम तारखेस नो पार्किंग’ यात एका शब्दाचा फरक, अर्थ मात्र पूर्ण उलटा. फोटोत ‘नो’ कुठं फ्लेक्सच्या किंवा झाडाच्या फांदीच्या मागं गेला तर वाचणारा हमखास चुकणार. फलकाचा आकार इथं मदतीला येतो. चौकोनी निळा आणि त्यावर ‘पी’ असेल तर तो परवानगीचा फलक. गोल, लाल कडेचा आणि आतल्या निळ्यावर एकच तिरकी लाल पट्टी असेल तर नो पार्किंग. दोन पट्ट्यांची फुली असेल तर नुसतं थांबणंही बंद. तिथं “पेशंटला उतरवतो आणि निघतो” हेही चालत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुरंदर तालुक्यातले एक मामा ३० तारखेला संध्याकाळी सात वाजता मामींना दवाखान्यात दाखल करायला आले. रस्त्याच्या डाव्या बाजूला पी-२ आहे, ३० ही सम तारीख, गाडी तिथं लागली. अगदी बरोबर. पण रात्री दवाखान्यातच थांबायचं ठरलं. फलकाखाली वेळ लिहिलेली नसेल तर नियम पूर्ण दिवसाचा धरायचा, आणि रात्री बारा वाजले की तारीख बदलते. म्हणजे झोपण्याआधी मामांनी गाडी समोरच्या पी-१ बाजूला न्यायला हवी. सकाळी उठून नेऊ म्हटलं तर तोवर गाडी चुकीच्या बाजूला उभी असते.

मामांनी तेही केलं. ३१ तारीख पार पडली. रात्री पुन्हा त्यांनी सवयीनं गाडी उचलून पी-२ बाजूला नेली, आणि इथं घोळ झाला. ३१ नंतर येते १ तारीख, आणि दोन्ही विषम! दोन दिवस सलग गाडी पी-१ लाच राहायला हवी होती. ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी ही गंमत होते, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारीलाही. ‘काल तिकडं होती म्हणून आज इकडं’ हा हिशोब त्या दिवशी लागू पडत नाही. रोज तारीख बघूनच बाजू ठरवावी.

आता वेळेचं. फलकाखालची छोटी पाटी वरच्या फलकाला बांधलेली असते. वर नो पार्किंग आणि खाली ‘स. ९ ते रा. ९’ असेल तर बंदी तेवढ्याच तासांची. पण उन्हापावसानं ‘स.’ आणि ‘रा.’ पुसलं जातं आणि नुसतं ‘९ ते ९’ उरतं. बाजारपेठेत बहुतेकदा ती दिवसाची वेळ असते, कारण गर्दी दिवसा असते. ‘९ ते १२ व ५ ते ९’ अशा दोन वेळा दिसल्या तर सकाळ-संध्याकाळची गर्दी समजावी. तरी हा अंदाजच, फोटोवरून त्याची खात्री होत नाही. अंदाज चुकला तर नुकसान आपलं, म्हणून शंका असेल तेव्हा कडक अर्थ धरून गाडी दुसरीकडं लावलेली बरी. चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारता आलं तर उत्तम. शेजारचा दुकानदार “लावा हो, काही होत नाही” म्हणेल, पण दंड तो भरत नाही!

बाणही विसरू नका. खांबापासून नियम कोणत्या बाजूला लागू आहे ते बाण सांगतो. दोन्हीकडं बाण असेल तर खांब त्या पट्ट्याच्या मधोमध आहे. हा बाण फलकासमोर उभं राहूनच वाचायचा. गाडीत बसून तिरका फोटो काढला की भाच्याला डावं-उजवं कळत नाही.

तेव्हा फोटो पाठवायचाच असेल तर खांब वरपासून खालपर्यंत पूर्ण घ्या, छोट्या पाटीसह. एक फोटो थोडा लांबून, गाडी आणि फलक दोन्ही दिसतील असा. समोरच्या बाजूचा फलकही. आणि सोबत लिहा, “आज अमुक तारीख, इतके वाजलेत, इतक्या वाजेपर्यंत थांबणार.” एवढं मिळालं तर भाचा नीट उत्तर देईल. शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं, कारण सात वाजता बरोबर असलेली गाडी बारानंतर चुकीची ठरू शकते.

हेही लक्षात घ्या, फलकानं परवानगी दिली तरी वळणावर, चौकाच्या तोंडाशी, झेब्रा पट्ट्यांवर, फुटपाथवर, बसथांब्याजवळ किंवा कुणाच्या फाटकासमोर गाडी लावता येत नाही. तिथं वेगळ्या फलकाची गरजही नसते.

राज्यात नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १५००. गाडी उचलून नेली तर टोइंगचे पैसे वेगळे. चलन आलंय का ते mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघता येतं. चलन चुकीचं वाटलं तर तिथंच तक्रार करता येते, आणि त्या वेळी पुसलेल्या फलकाचा तोच फोटो जोडता येतो. म्हणून घरी पोहोचेपर्यंत तो डिलीट करू नका.