सेलमधला स्वल्पविराम आणि सीएसव्हीची अवतरणचिन्हे

पीडीएफमधून काढलेला तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये लिहिताना दोन खुणांवर सगळी भिस्त असते. स्वल्पविराम दोन सेल वेगळे करतो आणि ओळ संपली की नोंद संपते. अडचण अशी की या दोन्ही खुणा सेलच्या आतल्या मजकुरातही येतात. पत्त्यात स्वल्पविराम असतो, लाखाच्या आकड्यात असतो. अरुंद रकान्यात न मावलेला मजकूर खाली वळलेला असतो आणि तक्ता काढणारी साधने ते वळण बहुधा ओळ तोडूनच देतात.

समजा, दरपत्रकाच्या एका नोंदीत चार सेल आहेत: अनुक्रमांक, वस्तू, पत्ता आणि रक्कम. वस्तू आहे पाऊण इंची पाइप, म्हणजे इंचाची खूण आली. पत्ता दोन ओळींत आहे, रक्कम सव्वा लाख. सेल नुसते स्वल्पविरामाने जोडले तर फाइलमध्ये हे उतरते:

```
3,पाइप 3/4",शनिवार पेठ,
पुणे,1,25,000
```

एका नोंदीच्या दोन झाल्या. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही ओळींत मोजून चारच सेल भरतात. पहिलीत शेवटचा सेल रिकामा, दुसरीत पुणे, एक, पंचवीस आणि तीन शून्ये. प्रत्येक ओळीत चार सेल आहेत ना, एवढीच तपासणी केली तर फाइल बिनचूक ठरते आणि रक्कम मात्र तीन तुकड्यांत विखुरलेली राहते.

यावरचा उपाय २००५ सालच्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदवलेला आहे. ज्या सेलमध्ये स्वल्पविराम, ओळ तोडणारे चिन्ह किंवा सरळ दुहेरी अवतरणचिन्ह असेल, तो पूर्ण सेल दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा. आतले प्रत्येक अवतरणचिन्ह दोनदा लिहायचे.

```
3,"पाइप 3/4""","शनिवार पेठ,
पुणे","1,25,000"
```

पाइपनंतरच्या तीन खुणांपैकी पहिल्या दोन मिळून इंचाची एक खूण होते आणि तिसरी सेल बंद करते. ही दुप्पट करणेच सर्वांत जास्त विसरले जाते. सेलभोवती अवतरणचिन्हे घातली, पण आतली खूण एकेरीच ठेवली, तर इंचाची खूण आणि तिला चिकटलेली बंद करणारी खूण मिळून वाचणारा प्रोग्राम एकच खूण समजतो. सेल अजून चालूच आहे असे धरून तो पुढचा स्वल्पविराम गिळतो आणि पाइप व पेठ एकाच सेलमध्ये येतात. एखाद्या सेलमध्ये स्वल्पविरामाला लागून अवतरणचिन्ह दिसले, तर हाच दोष आधी शोधावा.

उलटी तिरकी रेघ लावून खूण निष्प्रभ करण्याची पद्धत इतर ठिकाणी चालते, पण एक्सेलला ती कळत नाही. स्वल्पविरामानंतर हौसेने मोकळी जागा सोडणेही घातक आहे. अवतरणचिन्ह सेलच्या अगदी सुरुवातीला नसेल तर अनेक प्रोग्राम ते साधा मजकूर मानतात. छापील मजकुरातली वळणदार अवतरणचिन्हे मात्र वेगळी अक्षरे आहेत. त्यांना दुप्पट करायचे नसते.

हे नियम हाताने राबवण्यापेक्षा तयार लेखक वापरणे शहाणपणाचे. पायथॉनमध्ये तो `csv` या नावाने मिळतो आणि गरज असेल तेवढ्याच सेलना अवतरणचिन्हे लावतो.

```python
import csv
with open("dar.csv", "w", newline="",
          encoding="utf-8-sig") as f:
    csv.writer(f).writerows(rows)
```

इथे `newline=""` गाळले तर विंडोजवर ओळ संपवणारी चिन्हे वाढतात आणि एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीखाली एक रिकामी ओळ दिसते. `utf-8-sig` मुळे फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल देवनागरी नीट ओळखते.

अवतरणचिन्हांनी सेलमधली तुटलेली ओळ जपली जाते, पण ती जपण्याजोगी आहे का, हे लेखक ठरवू शकत नाही. पत्त्याच्या ओळी मुद्दाम वेगळ्या असू शकतात. वस्तूचे नाव मात्र जागा नसल्याने तुटले असेल, तर तिथे एक मोकळी जागा घालून ते सलग करावे. हे काम तक्ता काढल्यावर, लिहिण्याआधी आणि रकाना पाहून करायचे. सरसकट सगळ्या ओळी जोडल्या की खरा फरकही पुसला जातो. उलट, ओळी राखल्या तर नोंदींची संख्या आणि फाइलमधल्या ओळींची संख्या जुळत नाही. `grep`, `sort` यांसारखी एकेक ओळ पाहणारी साधने अशा फाइलवर वापरू नयेत, कारण ती नोंद मधेच कापतात.

खात्रीसाठी लिहिलेली फाइल त्याच एन्कोडिंगने आणि `newline=""` ठेवून `csv.reader` ने पुन्हा वाचावी. मूळ तक्त्यातल्या नोंदींची संख्या आधी ताडावी, मग प्रत्येक सेल मजकूर म्हणून मूळ सेलशी जुळवावा. वरच्या उदाहरणात सेल मोजून सापडली नसती ती चूक इथे लगेच पकडली जाते: एकाच्या जागी दोन नोंदी येतात.