व्हिडिओ चालतो, पैसे थांबतात

यूट्यूबवर पैसे कमावणाऱ्या प्रत्येक चॅनेलमालकाला 'स्टुडिओ'त, म्हणजे चॅनेलचा सगळा कारभार जिथून चालतो त्या पानावर, आपल्या व्हिडिओंसमोर डॉलरचं छोटं चिन्ह दिसतं. ते हिरवं असलं की बहुतेक जाहिरातदारांच्या जाहिराती त्या व्हिडिओवर लागू शकतात. ते पिवळं झालं की शेजारी 'Limited or no ads' असे शब्द येतात. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी व्हिडिओ तसाच चालू असतो, लोक तो बघतात, पाठवतात, खाली प्रतिक्रिया लिहितात. कमाई मात्र जवळजवळ थांबलेली असते.

हे समजून घ्यायचं तर यूट्यूबचे दोन वेगळे नियमसंच लक्षात ठेवायला हवेत. पहिला सर्वांसाठीचा : व्हिडिओ साइटवर राहू द्यायचा की काढून टाकायचा, हे त्यावरून ठरतं. तो मोडला तर व्हिडिओ जातो, चॅनेलला स्ट्राइकही बसू शकते. दुसरा फक्त जाहिरातींपुरता. शिवीगाळ, हिंसा, अंमली पदार्थ, शस्त्रं, लैंगिक विषय, द्वेष पसरवणारी भाषा, आत्महत्या किंवा अत्याचारांसारखे वादग्रस्त विषय, युद्ध वा आपत्तीसारख्या संवेदनशील घटना, अशा शीर्षकांखाली कशावर पूर्ण जाहिराती लागतील आणि कशावर मर्यादित, ते त्यात लिहिलेलं आहे. पहिल्या परीक्षेत पास आणि दुसरीत नापास झालेला व्हिडिओ म्हणजे पिवळा डॉलर.

ही दुसरी परीक्षा एवढी कडक झाली ती 2017 मध्ये. लंडनच्या 'द टाइम्स'ने दाखवून दिलं, की नामांकित कंपन्यांच्या आणि खुद्द ब्रिटिश सरकारच्या जाहिराती दहशतवादाचा प्रचार करणाऱ्या व्हिडिओंवर झळकताहेत. सरकारने जाहिराती थांबवल्या, पाठोपाठ एटी अँड टी, व्हेरायझन अशा बड्या अमेरिकी कंपन्याही बाहेर पडल्या. त्याच वर्षी पिवळं चिन्ह आलं. म्हणजे हा नियम जन्मला तो जाहिरातदाराच्या भीतीतून. व्हिडिओ चांगला की वाईट, खरा की खोटा, हा त्याचा मुख्य प्रश्न कधीच नव्हता.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळच्या एका तरुणाने कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीवर पंचवीस मिनिटांचा माहितीपट केला. नवऱ्यामागे तिने शेती कशी सावरली, बँकेचे खेटे कसे घातले, याची ही गोष्ट. शीर्षकात त्याने 'गळफास' शब्द घातला, थंबनेलवर झाडाला लटकणारा दोर लावला. सुरुवातीलाच एक नातेवाईक ती सकाळ बारकाव्यांसह सांगतो. व्हिडिओ अपलोड होताच यंत्रणा शीर्षक, वर्णन, थंबनेल, चित्र आणि आवाज तपासते. चॅनेलमालकाला एक प्रश्नावलीही भरावी लागते, आपल्या व्हिडिओत काय काय आहे ते स्वतःच सांगणारी. इथे चिन्ह पिवळं पडण्याची शक्यता मोठी आहे. विषय आत्महत्येचा आहे म्हणून तसं होतं असं बहुतेकांना वाटतं, पण नियम विषयाला सरसकट बंदी घालत नाही. तो बघतो मांडणी : कृती दाखवली आहे का, पद्धत तपशिलात सांगितली आहे का, थंबनेल धक्का देणारं आहे का.

समजा, हिरव्या चिन्हावर हजार व्ह्यूजमागे त्याच्या हातात चाळीस रुपये पडले असते आणि पिवळ्यावर चार. हे आकडे फक्त हिशेबासाठी. व्हिडिओ दोन लाख वेळा बघितला गेला, तर एकीकडे आठ हजार रुपये आणि दुसरीकडे आठशे. कारण जाहिरातींची जागा लिलावात विकली जाते, आणि पिवळ्या व्हिडिओच्या लिलावात बोली लावणारेच थोडे असतात. दर आपोआप पडतो, आणि कित्येक वेळा जाहिरातच लागत नाही. नेहमीच्या लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के चॅनेलला मिळतात. ती टक्केवारी पिवळ्यावरही तीच राहते, पण वाटून घ्यायला मुळात रक्कमच उरत नाही. यूट्यूब प्रीमियमचे वर्गणीदार तो व्हिडिओ बघतात त्याचा वाटा तेवढा चालू राहतो. स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये हे स्पष्ट कळतं. व्ह्यूजची रेघ वर जाते, पण जाहिरात लागलेल्या प्लेबॅकचा आकडा तळाशीच राहतो.

मग करायचं काय? 'Request review' हे बटण दाबलं की माणूस तो व्हिडिओ बघतो. पण त्याआधी आपल्या चुका दुरुस्त कराव्यात, कारण त्या माणसाने दिलेला निर्णय सहसा अंतिम असतो. आपल्या तरुणाने दोराचं चित्र काढून त्या बाईंचा कापसाच्या शेतातला फोटो लावावा, शीर्षक बदलावं, आणि पद्धतीचं वर्णन स्टुडिओच्याच एडिटरमधून कापावं. तसं केल्याने व्हिडिओची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. आत्महत्येची पद्धत तपशिलात सांगू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही माध्यमांना सांगते. त्यामुळे ती काटछाट पत्रकारितेच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

अडचण वेळेची आहे. फेरतपासणीला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. बातमीसारख्या विषयावरचे बरेचसे व्ह्यूज पहिल्या दोन-तीन दिवसांतच येऊन जातात. नंतर चिन्ह हिरवं झालं तरी मधल्या काळात बुडालेली कमाई भरून मिळत नाही.

मांडणी सुधारून प्रत्येक प्रश्न सुटतो असंही नाही. 2020 च्या सुरुवातीला यूट्यूबने करोना ही संवेदनशील घटना ठरवली. त्या काळात साथीची नीट माहिती देणारे व्हिडिओसुद्धा जाहिरातींना मुकत होते. 11 मार्च 2020 रोजी तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनी काही चॅनेल्सना मोकळीक जाहीर केली, पुढे ती वाढवली गेली. ज्या आठवड्यांत चांगल्या माहितीची गरज सर्वांत मोठी होती, त्याच आठवड्यांत ती देणाऱ्याला पैसे मिळत नव्हते. हा नियमाचा खरा दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो चॅनेलवाल्याच्या कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

हिरवं चिन्ह म्हणजेही हमी नव्हे. आपल्या जाहिराती किती जपून लावायच्या, याचे तीन स्तर जाहिरातदाराला निवडता येतात. शिवाय नको असलेले विषय, शब्द, चॅनेल्सही तो वगळू शकतो. एखाद्या बँकेने 'कर्जबाजारी' हा शब्द वगळला, तर आपल्या तरुणाच्या हिरव्या व्हिडिओवरही तिची जाहिरात येणार नाही, आणि त्याला ते कळणारही नाही. नियमही बदलत राहतात. शिव्यांबाबतचा नियम 2022 च्या शेवटी कडक झाला, 2023 मध्ये सैलावला आणि 2025 मध्ये आणखी सैलावला. जुन्या सल्ल्यावर विसंबण्यात म्हणून अर्थ नाही. पान उघडून ताजे नियम वाचावेत.

असे विषय हाताळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : विषय सोडू नका. व्हिडिओ एक-दोन दिवस आधी प्रायव्हेट ठेवून अपलोड करा, प्रश्नावली खरी भरा, जाहिरातींची तपासणी पूर्ण होऊ द्या. पिवळं आलं तर प्रसिद्ध करण्याआधीच दुरुस्ती करून फेरतपासणी मागा. आणि वाचकहो, अशा एखाद्या चॅनेलवर तुमचा जीव असेल, तर त्याचं सदस्यत्व घ्या. ते पैसे जाहिरातदाराच्या पसंतीवर अवलंबून नसतात.