मायग्रेन रोखणारी तीन औषधे: फ्लुनारिझिन, टोपिरामेट की कॅन्डेसार्टन?

मायग्रेन म्हणजेच अर्धशिशीचा त्रास असलेले रुग्ण बऱ्याचदा दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, माझ्या बहिणीला ज्या गोळीने बरं वाटलं तीच मला का देत नाही?" कारण असे की, मायग्रेन रोखणाऱ्या औषधांची निवड करताना आपण फक्त डोक्याचा विचार करत नाही. त्या व्यक्तीचे वय, वजन, रक्तदाब, मनःस्थिती आणि गर्भधारणेची शक्यता या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

डोके दुखायला लागल्यावर घ्यायची गोळी वेगळी आणि दुखूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी. महिन्यात चार किंवा जास्त दिवस मायग्रेन होत असेल, किंवा कमी वेळा होऊनही प्रत्येक वेळी अंथरूण धरावे लागत असेल, तर रोजच्या प्रतिबंधक गोळीचा विचार करतात. ही गोळी मायग्रेन कायमचा घालवत नाही. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर ती लागू पडली असे आम्ही मानतो, आणि हे ठरवायला योग्य डोसवर दोन ते तीन महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडून देऊ नका.

फ्लुनारिझिन

आपल्याकडे हे औषध खूप वापरले जाते. रात्री झोपताना ५ किंवा १० मिलिग्रॅमची एकच गोळी घ्यायची असते, त्यामुळे ते सोपे वाटते. सुरुवातीला गुंगी येते, भूक वाढते आणि काही महिन्यांत वजन वाढू शकते. पण खरी काळजी दोन गोष्टींची असते. एक म्हणजे नैराश्य आणि दुसरी कंपवातासारखी लक्षणे. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे किंवा ज्यांना कंपवात आहे, त्यांना हे औषध देत नाहीत. वयस्कर व्यक्तींमध्येही ते जपूनच वापरावे लागते.

माझ्याकडे साठी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. आजींची चाल मंदावली होती, हात थरथरत होता, चेहऱ्यावर हावभाव उरले नव्हते. घरच्यांना वाटले, वय झाले. पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या तेव्हा कळले की दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर फ्लुनारिझिन दर महिन्याला आणून सुरूच होते. गोळी बंद केली, पण हे औषध शरीरात बराच काळ साठून राहते, त्यामुळे लक्षणे कमी व्हायला काही महिने लागले. म्हणून लक्षात ठेवा, फ्लुनारिझिन जुन्या चिठ्ठीवर चालू ठेवायचे औषध नाही. दोन महिन्यांत फरक नसेल तर ते थांबवतात, आणि फरक असला तरी साधारण सहा महिन्यांनी खंड देऊन पुन्हा गरज आहे का ते पाहतात.

टोपिरामेट

हे मूळचे फिटचे औषध. रात्री २५ मिलिग्रॅमने सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवत बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ ५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. घाईने वाढवले तर त्रास जास्त होतो. हातापायांच्या बोटांना मुंग्या येणे अगदी नेहमीचे आहे आणि ते धोक्याचे नसते. भूक कमी होऊन वजन उतरते, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांना हे औषध सोयीचे पडते. मात्र काहींना बोलताना नेमका शब्द सुचत नाही, लक्ष लागत नाही. मुतखडा होण्याची शक्यता वाढते, म्हणून भरपूर पाणी प्यावे लागते. विशेषतः पहिल्या महिन्यात अचानक डोळा दुखून धूसर दिसू लागले, तर तो एक प्रकारचा काचबिंदू असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, गरोदरपणात टोपिरामेट घेतल्यास बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा आणि पुढे बौद्धिक वाढीत अडचणी येण्याचा धोका वाढतो. हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करू शकते. त्यामुळे मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देण्याआधी खात्रीचे गर्भनिरोधन हवेच.

कॅन्डेसार्टन

हे रक्तदाबाचे औषध. मायग्रेनवरही ते उपयोगी पडते, हे नॉर्वेतल्या अभ्यासांत दिसून आले. ४ मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू १६ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. याने सहसा वजन वाढत नाही, गुंगी येत नाही, मनावर परिणाम होत नाही. रक्तदाब उतरून चक्कर येणे हा मुख्य त्रास. रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढू शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी तपासणी करतात. गरोदरपणात हेही चालत नाही, कारण बाळाच्या किडनीला इजा होते. "मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतो, तेच पुरेल का?" असे काही जण विचारतात. दोन्ही औषधे एकाच गटातली असली तरी मायग्रेनसाठी टेल्मिसार्टनचा तेवढा पुरावा नाही.

निवड कशी झाली: एक उदाहरण

अडतीस वर्षांच्या एका शिक्षिकेला महिन्यात नऊ दिवस मायग्रेन होत असे. वजन ७८ किलो, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४५/९० च्या आसपास. तीन वर्षांपूर्वी नैराश्यासाठी उपचार झाले होते. दोन मुलांनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती.

नैराश्याच्या इतिहासामुळे फ्लुनारिझिन बाद झाले, शिवाय वजनही वाढले असते. टोपिरामेटने वजन उतरले असते, पण त्यानेही मन उदास होऊ शकते. त्या म्हणाल्या, "वर्गात शिकवताना शब्दच सुचला नाही तर कसं होणार?" रक्तदाब तसाही जास्त होता आणि गर्भधारणेचा प्रश्न नव्हता. म्हणून कॅन्डेसार्टन ठरले. त्यांचाच रक्तदाब १००/६० असता, तर हा निर्णय उलटला असता.

त्यांना दोन सूचना दिल्या. डोके दुखले की त्या नेप्रोक्सेन घेत असत. अशा वेदनाशामक गोळ्या आणि कॅन्डेसार्टन मिळून किडनीवर ताण येतो, म्हणून आधी साधी पॅरासिटामॉल घ्यायची आणि वेदनाशामक आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यायचे नाही. दुसरे म्हणजे कमी सोडियमचे मीठ वापरायचे नाही, कारण त्यात पोटॅशियम असते.

मे महिन्यात त्यांना जुलाब-उलट्या झाल्या आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब ९२/६० होता. शरीरातले पाणी कमी झाले की हे औषध जड जाते. दोन दिवस गोळी थांबवली, जलसंजीवनी दिली, आणि खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर गोळी पुन्हा सुरू केली. त्यांच्या वहीतल्या नोंदीनुसार दुखण्याचे दिवस पहिल्या महिन्यात आठ, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात चार होते.

तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना अशी वही न्या. त्यात दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या लिहा. पूर्वीचे नैराश्य, मुतखडा आणि मुलाचा विचार असल्यास तोही विचारण्याआधीच सांगा. दिवस राहिल्याची शंका आली तर टोपिरामेट किंवा कॅन्डेसार्टन घेत असताना पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.