पुणे ते नागपूर, एका सूत्रात

पुण्याचे अक्षांश-रेखांश १८.५२०४ आणि ७३.८५६७. नागपूरचे २१.१४५८ आणि ७९.०८८२. या चार आकड्यांवरून दोन शहरांमधलं सरळ अंतर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये काढता येतं. त्यासाठी प्रोग्रॅम किंवा मॅक्रो लिहावा लागत नाही.

पहिल्यांदा सुचतो तो शाळेतला पायथागोरस. अक्षांशांतला फरक २.६२५४ अंश, रेखांशांतला ५.२३१५. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं आणि एका अंशाचे १११ किलोमीटर धरून गुणायचं. उत्तर येतं सुमारे ६५० किलोमीटर. खरं अंतर ६२० च्या आसपास आहे. हे तीस किलोमीटर जास्तीचे आले कुठून?

रेखावृत्तांमुळे. दक्षिणोत्तर एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटरच भरतो. पूर्व-पश्चिमेचं तसं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर असतो, पुण्याच्या अक्षांशावर १०५ आणि नागपूरच्या अक्षांशावर १०४ च्या आत. हे आकुंचन अक्षांशाच्या कोसाइनने मोजतात. ते हिशेबात घेणारं, नाविकांच्या वापरातलं जुनं सूत्र म्हणजे हॅवरसाइन.

A2 आणि B2 मध्ये पुण्याचे अक्षांश-रेखांश, C2 आणि D2 मध्ये नागपूरचे टाका. आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. देवनागरी अंक शीट मजकूर समजण्याची शक्यता असते. मग E2 मध्ये हे सूत्र:

```
=2*6371*ASIN(SQRT(SIN(RADIANS(C2-A2)/2)^2
+COS(RADIANS(A2))*COS(RADIANS(C2))
*SIN(RADIANS(D2-B2)/2)^2))
```

पहिला SIN दक्षिणोत्तर फरक बघतो, दुसरा पूर्व-पश्चिम, आणि मधले दोन COS त्या दुसऱ्या फरकाला हवं तेवढं आखडतात. ASIN च्या उत्तराची दुप्पट म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमध्ये होणारा कोन. त्याला ६३७१ या सरासरी त्रिज्येने गुणलं की किलोमीटर मिळतात. इथे उत्तर येतं ६२०.१. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटरमागे तीनेक. जमिनीच्या मोजणीला हे चालणार नाही. गावागावांतल्या अंतरांना पुष्कळ झालं.

RADIANS विसरलात तर चूक लपत नाही. शीट अंशांनाच रेडियन समजते आणि पुणे-नागपूर अंतर १३,७०० किलोमीटरच्या वर जातं. खरा धोका पटण्यासारख्या चुकीच्या उत्तराचा. अक्षांशाच्या रकान्यात रेखांश आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश पडले, तर हेच सूत्र ५८६ किलोमीटर सांगतं, आणि तो आकडा बघून कुणालाही संशय येत नाही. महाराष्ट्रापुरतं साधं भान ठेवावं: अक्षांश १५ ते २३ च्या दरम्यान, रेखांश ७२ ते ८१ च्या. दुसरी अशीच चूक अंश-मिनिटांची. १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे १८.३१ नव्हे, मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १८.५२ येतात. एवढ्याशा घोळाने पुणे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकतं.

म्हणून खरी माहिती भरण्याआधी सूत्राची परीक्षा घ्यावी. (०, ०) ते (०, १) हे अंतर १११.२ आलं पाहिजे आणि (६०, ०) ते (६०, १) हे त्याच्या निम्मं, ५५.६. दुसऱ्या जोडीलाही १११ च आले, तर COS चा भाग कुठेतरी सुटलाय.

या सूत्राचा खरा उपयोग मोठ्या यादीत होतो. समजा, A रकान्यात चाळीस आरोग्य केंद्रांची नावं आहेत, B आणि C मध्ये त्यांचे अक्षांश-रेखांश, आणि आपल्या गावाचे F1 आणि G1 मध्ये. सूत्रात A2 च्या जागी $F$1, B2 च्या जागी $G$1, C2 च्या जागी B2 आणि D2 च्या जागी C2 लिहून ते D2 मध्ये ठेवा आणि खाली ओढा. डॉलरच्या खुणेमुळे गाव जागचं हलत नाही, केंद्रं मात्र ओळीओळीला बदलतात. सगळ्यात जवळचं केंद्र असं मिळतं:

```
=INDEX(A2:A41,MATCH(MIN(D2:D41),D2:D41,0))
```

पण हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचं आहे. पुणे-नागपूर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या पुढे जातं. कोकणात तर खाडीपलीकडचं केंद्र शीटवर दोन किलोमीटरवर दिसेल आणि पूल नसेल तर गाडीला मोठा वळसा पडेल. त्यामुळे एकट्या MIN वर न थांबता SMALL वापरून जवळची तीन-चार केंद्रं काढावीत आणि तेवढ्यांचाच रस्ता नकाशावर तपासावा.